पाण्याची रेघ: विद्यार्थी चित्र-शिल्प प्रदर्शनाच्या उद्घाटनाचं मनोगत

आदरणीय प्राचार्य सर, उद्घाटनासाठी मुंबईहून आलेल्या आमच्या माजी विद्यार्थिनी ताई, सर्व शिक्षक, पालक आणि मित्रमैत्रिणींनो, शाहू स्मारक भवनाच्या या कलादालनात अंतिम वर्षाच्या वर्गातर्फे तुमचं मनापासून स्वागत.

विषय ठरवायला बसलो तेव्हा पंचगंगेचा घाट, रंकाळ्याची संध्याकाळ असं बरंच काही पुढं आलं. आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या काठी राहून पाण्यावरचा उजेड पुन्हा पुन्हा रंगवला. त्यांच्या गावात आम्ही चित्रकला शिकतो, याचा अभिमान आहेच. पण आमच्या पिढीनं पाणी नुसतं काठावरून पाहिलेलं नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आम्ही शाळकरी पोरं होतो. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे तेव्हाच तोंडपाठ झाले. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ला पुन्हा पूर. पाणी ओसरल्यावर भिंतीवर मातकट रेघ राहते. आमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी ती आहे. वरून रंग दिला तरी ओल धरली की पुन्हा दिसते.

म्हणून अट एकच ठेवली: नदीचं चित्र काढायचं, पण सुरुवात आपल्या घरापासून किंवा गल्लीपासून करायची. चिखली-आंबेवाडीकडच्या मित्रांनी जनावरं घेऊन निघालेल्या माणसांचे लाकूडठसे केलेत. कुणी उन्हाळ्यातल्या जलपर्णीचा लगदा करून कागद बनवला. नदी पुरापुरती आठवायची नसते, हे त्या कामातून मला फार थेट कळलं.

आभार मानायचे तर आधी त्या घरांचे, ज्यांनी आम्हाला भिंतीला कागद लावून रेघेचे ठसे घेऊ दिले. एका आजींनी चिखलात भिजलेला लग्नाचा अल्बम दिला. तो मधल्या टेबलावर आहे. पानं एकमेकांना चिकटलीत, कृपया हात लावू नका. कुंभार गल्लीतल्या काकांनी गणपतीच्या ऐन गडबडीत माती मळून दिली. फ्रेमवाल्या दादांनी निम्मे पैसे नंतर द्या म्हटलं. रात्री उशिरापर्यंत स्टुडिओ उघडा ठेवणारे शिपाई मामा, चित्रं टांगणारी पहिल्या वर्षाची मुलं, विषय पक्का होईपर्यंत आमच्याशी भांडलेले सर आणि मॅडम, आणि रंगांचा खर्च निमूट सोसणारे आईवडील, तुम्हा सगळ्यांचे आभार.

प्रदर्शन रविवारपर्यंत सकाळी अकरा ते रात्री आठ खुलं आहे. दाराजवळच्या कोऱ्या कागदावर तुमच्या घरी पाणी कुठवर आलं होतं, तेवढी रेघ आणि गल्लीचं नाव लिहा. त्या कागदाचंही आम्ही काम करणार आहोत.

ताई, दीपप्रज्वलनासाठी पुढं यावं, ही विनंती.