संदीपदादा, मी कसं

मानसी, ११:४२
संदीपदादा, सभासदांची यादी उघडलीय. मी कसं

संदीप, ११:४४
मानसी, "मी कसं" इथवरच आलंय, पुढचं तुझ्याकडेच राहिलं. सगळं परत लिहीत बसू नकोस, राहिलेलं तेवढं पाठव.

तोवर एकच कर: फाइल सेव्ह करू नकोस. सकाळी .csv आलीय म्हणाली होतीस, म्हणून सांगतोय. ती डबल क्लिकने उघडली की नुसते आकडे दिसले तिथे एक्सेल त्याची संख्या करून टाकतं. सभासद क्रमांक 004517 असेल तर सुरुवातीची शून्यं गळतात, 4517 उरतं. १६ आकडी खाते क्रमांक तर 1.23457E+15 असा काहीतरी दिसतो. सेलचं फॉरमॅट बदलून दिसणं सुधारेल, पण एक्सेल १५च आकडे नीट सांभाळतं, सोळाव्याच्या जागी शून्य बसलेलं असतं. तशीच सेव्ह केली की मूळ आकडा त्या फाइलमधून गेलाच.

शून्यं गेलेली दिसत असतील तर सेव्ह न करता बंद कर. मग कोऱ्या फाइलमध्ये Data > From Text/CSV ने तीच यादी घे आणि Data Type Detection मध्ये Do not detect data types निवड. सगळं जसंच्या तसं मजकूर म्हणून येईल.

हा माझा अंदाज हं. तुला भलतंच काही विचारायचं असेल तर तेच लिही, मी इथेच आहे.

मानसी, ११:४९
अगं बाई, गेला होय तो मेसेज! मला वाटलं अजून लिहितेच आहे. खालच्या ओळीवर जायला एंटर दाबला होता.

विचारायचं होतं की मी कसं एकाच सेलमध्ये पत्ता दोन ओळींत लिहू? एंटर दाबला की कर्सर थेट खालच्या सेलमध्ये जातो.

आणि शून्यं खरंच गेलीत 🙈 सेव्ह नाही केलेलं अजून.

संदीप, ११:५१
म्हणजे दोन्हीकडे एंटरनेच घोळ घातला! सेलमध्ये Alt धरून Enter दाब. इथे लिहिताना Shift धरून Enter, म्हणजे मेसेज अर्धा सुटणार नाही.

पण थांब, यादी शेवटी .csv करूनच परत द्यायचीय ना? मग पत्ता दोन ओळींत नकोच. पलीकडचं सॉफ्टवेअर प्रत्येक ओळ म्हणजे नवा सभासद असं धरत असेल, तर निम्मा पत्ता कुणाच्या तरी नावाच्या रकान्यात जाऊन बसेल. मी एकदा अशी यादी हाताने निस्तरलीय, अख्खी दुपार गेली. स्वल्पविराम देऊन एकाच ओळीत लिही.

मानसी, ११:५३
हो, .csv च द्यायचीय. मग आधी सेव्ह न करता बंद करते आणि तुम्ही सांगितलंत तशी परत घेते.
पत्ते एका ओळीत.
(बघा, Shift जमलं!)