पाळी हस्तांतर यादी: मोल्डिंग विभाग, दुसरी पाळी ते रात्रपाळी

मरोळ एमआयडीसी, अंधेरी पूर्व
१० जुलै, शुक्रवार, रात्री १०.४५
देणार: परब (दुसरी पाळी)
घेणार: सावंत (रात्रपाळी)

खुणा: ☑ झालं, ☐ बाकी, ⚠ हात लावण्याआधी वाचा.

⚠ ४ नंबर मशीन बंद आहे. बंदच ठेवायचं.

पुढच्या सेफ्टी गेटच्या लिमिट स्विचचा रोलर आत अडकून बसतोय. गेट उघडं असलं तरी मशीनला ते बंद वाटतं. संध्याकाळी ७.२० ला ऑपरेटरने पीस काढायला गेट सरकवलं, तर पॅनेलवरचा गेटचा दिवा तसाच लागलेला. त्याने लगेच इमर्जन्सी दाबली. पोराचं डोकं ठिकाणावर होतं.

☑ बॅरल पर्ज करून मेन आयसोलेटर खाली घेतला. कुलूप आणि लाल टॅग लावले.
☑ मोल्डचं पाणी बंद करून आतून गंजरोधक स्प्रे मारला. या दमट हवेत एका रात्रीत तांबेरा धरतो.
☐ कुलूप माझं आहे. मी निघण्याआधी दोघांनी मशीनपाशी उभं राहून आधी तुमचं लावायचं, मग माझं काढायचं. किल्ली टेबलावर किंवा ड्रॉवरमध्ये ठेवायची नाही.
☐ नवा स्विच: स्टोअरमध्ये एक मिळाला, पण तो प्लंजरवाला निघाला. आपल्याला रोलर-लिव्हरवाला लागतो. मागणी लिहिली आहे. सकाळी दुकानं उघडली की मेंटेनन्सचा माणूस लोहार चाळीतून घेऊन येईल, म्हणजे तुमच्या पाळीत हे काम होणार नाही.
☐ स्विच बसल्यावर गेट उघडं ठेवून क्लॅम्प हलत नाही ना, हे मेंटेनन्स आणि सुपरवायझर दोघांनी पाहायचं. मगच उत्पादन सुरू.

"मेकॅनिकल बार आहे ना, तोवर स्विचला तार बांधून चालवा" असा सल्ला मला आज दोघांनी दिला. बार आहे म्हणून स्विच नसला तरी चालतो, असं होत नाही. प्लॅनिंगचा फोन येईल, कारण ४ वरचे ब्रॅकेट सोमवारच्या गाडीला हवे आहेत. त्यांना सरळ प्रॉडक्शन मॅनेजरशी बोलायला सांगा, मी त्यांना ८ वाजता कळवलं आहे. मोल्ड ५ वर चढवायचाही विचार केला होता, पण तिथे टाय-बारमधलं अंतर कमी पडतं.

बाकीची मशीनं

☑ १ नंबर: काही तक्रार नाही.

☐ २ नंबर (एबीएस कव्हर): नोझल झोन २३० ला सेट आहे, पण ६ वाजता २०५ च्या वर चढेना. शॉर्ट येऊ लागले. हीटर बँड ठीक होता, थर्मोकपल सैल निघालं. ते घट्ट केल्यापासून २२८-२३० वर आहे. तरी दर अर्ध्या तासाने बघा. पुन्हा घसरलं तर थर्मोकपलच बदला, स्टोअरमध्ये दोन आहेत.

☐ ३ नंबर (टोपणं): ८ कॅव्हिटीपैकी ६ नंबरची इजेक्टर पिन तुटली, ती कॅव्हिटी बंद केली आहे. काउंटर शॉट मोजतो, म्हणून शॉट गुणिले ७ लिहायचं. सायकल २४ सेकंदांची आहे, म्हणजे तासाला १२०० ऐवजी १०५० टोपणं. आठाने गुणलं तर सकाळी पॅकिंगवाल्यांशी भांडण ठरलेलं. टूलरूमला चिठ्ठी दिली आहे, पिन उद्या दुपारपर्यंत.

☐ ५ नंबर: इजेक्टर सिलिंडरच्या होजच्या जोडातून ऑइल ठिबकतंय. खाली ट्रे आहे, बाजूला भुसा टाकलाय, तरी लादी निसरडी आहे. हेल्परला तिथून क्रेट नेऊ देऊ नका. ट्रे दर दोन तासांनी बघा. लेव्हल काचेवर अर्ध्याच्या खाली गेली की मशीन थांबवायचं, वरून ऑइल ओतत रात्र काढायची नाही. ऑइलचं तापमान ५२ पर्यंत गेलं होतं. कूलिंग टॉवरच्या पाण्याचा स्ट्रेनर गाळाने भरला होता, तो साफ केल्यावर ४६ वर आलं.

☐ ६ नंबर (नायलॉन): मशीनला काही झालेलं नाही, थांबलंय मालामुळे. खाली लिहिलंय.

माल

⚠ नायलॉन ६: उघडी पिशवी कोणीतरी शटरपाशी ठेवली होती. तोच माल हॉपरमध्ये गेला आणि ९ ते ९.३० च्या पिसांवर चंदेरी रेघा आल्या. सगळा माल काढून ९.३० ला ड्रायरमध्ये टाकलाय, ८० अंशांवर. चार तास पूर्ण व्हायला दीड वाजेल. दीडच्या आधी ६ सुरू करू नका, वरचे दाणे कोरडे दिसले तरी. ड्रायरचं झाकण उघडून बघत बसू नका. पुढची पिशवी थेट ड्रायरपाशीच फोडायची, उरलेलं तोंड बांधून आत.

☐ पीपी: फ्लोअरवर २५ किलोच्या ९ पिशव्या, म्हणजे २२५ किलो. १ आणि ३ मिळून तासाला सुमारे २८ किलो खातात. सकाळी ७ पर्यंत जेमतेम पुरतं, वर एक पिशवीही नाही. २० पिशव्यांची मागणी ५ वाजता दिली, पण भिवंडीहून येणारा टेम्पो पावसात अडकला. तो रात्री आला तर गेटवरून फोन येईल. स्टोअरची किल्ली सिक्युरिटीकडे, रजिस्टरमध्ये सही करून घ्या. नाही आला तर ५ वाजता फर्स्ट शिफ्टला कळवा.

☐ टोपणांत ग्राइंडिंगचा माल अजिबात नाही, पीपी कमी पडलं तरी. ती खाण्याच्या डब्याची आहेत.

☑ काळा मास्टरबॅच पुरेसा आहे.

☐ खोके: शटरकडच्या थप्पीतले खालचे ओले झालेत, बाजूला काढून ठेवा. बाकीचे पॅलेटवर चढवले.

क्वालिटी

रात्रपाळीचा क्यूसी नालासोपाऱ्याहून येतोय, गाड्या उशिराने आहेत. तो येईपर्यंत १, २, ३ आणि ५ वरची तपासणी तुमच्याकडे. ऑपरेटरने स्वतःच्याच पिसावर ओके लिहायचं नाही.

☐ दर दोन तासांनी प्रत्येक मशीनचे ५ पीस. ३ वर बंद कॅव्हिटी सोडून सातही कॅव्हिटींचा एकेक, थ्रेड गेजने.
☐ ६ सुरू झाल्यावर पहिला पीस मंजूर झाल्याशिवाय क्रेट भरायला घेऊ नका. सुरुवातीचे दहा शॉट तसेही फेकायचे आहेत.
☐ होल्डवर, लाल टॅगसह, जाळीच्या खोलीत: २ चे ३ क्रेट (६ ते ६.४० चं उत्पादन, १४० कव्हरं, शॉर्ट निवडून काढायचे) आणि ६ चे २ क्रेट (रेघा). ६ चे निवडायचे नाहीत, सगळेच बाद.
☐ सकाळच्या गाडीला १२०० कव्हरं हवीत. ओके ८६० तयार आहेत, बाकीची २ वर रात्रीतून निघतील. घाईत होल्डचे क्रेट त्यात मिसळू नयेत.
☐ टेबलावरचा निळ्या डबीतला व्हर्नियर वापरू नका, आज खाली पडला. दुसरा क्यूसीच्या कपाटात आहे.

माणसं

दोन हेल्पर अजून पोचलेले नाहीत, अंधेरी सबवेत पाणी आहे. माझ्या पाळीचे कदम मामा १ वाजेपर्यंत थांबायला तयार आहेत. त्यांचा ओव्हरटाइम लिहिलाय, चहाचं तुम्ही बघा.

दिलं: परब, १०.५५

घेतलं: सावंत, ११.१०
शेरा: ४ चं कुलूप बदललं, किल्ली माझ्या खिशात. ५ चा ट्रे आत्ताच अर्धा आहे, दोन तास थांबत नाही, दर तासाला बघतो. होल्डचे ५ क्रेट मोजून घेतले.