ओवीचा शाळेचा निरोप

कोल्हापूर
दि. १५ एप्रिल २०२५

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

ओवीच्या दाखल्याचा अर्ज काल ऑफिसात दिलाय, पण त्या अर्जात कारण म्हणून फक्त ‘वडिलांची नोकरी’ एवढंच लिहायची जागा होती, म्हणून हे वेगळं पत्र. ह्यांना वाळूजच्या एमआयडीसीत काम मिळालंय. अकरा वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत काढल्यावर असा निर्णय सोपा नव्हता, पण पगार बरा आहे आणि घर पण कंपनीकडून आहे. मे महिन्यात आम्ही संभाजीनगरला जाणार.

मॅडम, २०२२ च्या जूनमध्ये ओवीला घेऊन मी तुमच्या केबिनमध्ये आले तेव्हा ती दुसरीत होती आणि घराबाहेर जवळजवळ बोलतच नव्हती. आधीच्या शाळेत अडखळली की पोरं हसायची आणि बाई तिचं वाक्य स्वतःच पुरं करून पुढं जायच्या, त्यामुळं हळूहळू तिनं तोंड उघडायचंच सोडलं. तुम्ही तिला नाव विचारलंत. ती ‘ओ’ वरच अडकली, मी सवयीनं मधे बोलायला गेले तर तुम्ही हातानं मला थांबवलंत आणि तिच्याकडं बघत शांत बसून राहिलात. किती वेळ गेला माहीत नाही, मला तर लय वाटला, पण शेवटी तिनं नाव पूर्ण सांगितलं आणि तुम्ही नुसतं ‘छान, चल वर्ग दाखवते’ म्हणालात. मी घरी येऊन रडले होते. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही.

तिसरीत असताना पावसाळ्यात तुम्ही तिला परिपाठात पंचगंगेची पातळी वाचायचं काम दिलंत. आम्ही शुक्रवार पेठेतली माणसं, आमच्याकडं जुलै आला की दूध घेताना पण ‘राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?’ हाच विषय असतो, त्यामुळं ते काम तिला फार मोठं वाटायचं. ‘आजची पातळी एवढी फूट, इशारा ३९, धोका ४३’ बस, एवढंच. पण रोज सकाळी सगळी शाळा तिच्या आकड्यासाठी कान देऊन उभी राहायची, आणि ज्याच्यासाठी सगळे थांबलेत ते सांगताना पोरगीला भीती वाटायची ती कमी कमी होत गेली. एवढं साधं काम, पण हे आम्हाला आईबाप असून कधी सुचलं नव्हतं.

मग मागच्या वर्षीची शाहू जयंती. २६ जूनला तिनं चार वाक्यांचं भाषण केलं, त्यात ‘महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं’ ह्या वाक्यात ‘सक्तीचं’ च्या स वर ती अडकली. मी मागं पालकांच्यात उभी होते, माझे हातपाय गार पडले. पण एक पोरगं हसलं नाही, कुणी शब्द पुढं केला नाही, सगळी शाळा थांबली आणि तिनं तो शब्द म्हटला. पोरांना असं थांबायला शिकवणं एका दिवसात होत नाही, ते तुम्ही आणि तिच्या वर्गाच्या बाईंनी दोन वर्षं घडवलेलं होतं.

त्याच जुलैत नदी धोक्याच्या वर गेली आणि शाळेला सुट्टी पडली तर हिनं माझ्या फोनवरून तुम्हाला व्हॉइस मेसेज पाठवला, ‘मॅडम आज शाळा नाही पण आकडा राहायला नको’ म्हणून. तुम्ही लगेच उत्तर दिलंत, ‘ऐकला, नोंद केली.’ तो मेसेज तिनं अजून जपून ठेवलाय.

शिपाई मामांना पण आमचा नमस्कार सांगा, पावसात रिक्षा येईपर्यंत ते तिच्यासोबत गेटवर उभे राहायचे. लायब्ररीची दोन पुस्तकं तिच्याकडं आहेत, ती आणून देते.

एक विनंती आहे. दाखल्यावर ‘वर्तणूक चांगली’ लिहितात ते तर असेलच, पण नव्या शाळेच्या सरांसाठी तुमच्या हातानं चार ओळी लिहून द्याल का, की ही अडखळली तर थोडं थांबा, वाक्य तिचं तिलाच पुरं करू द्या. मी सांगितलं तर आईची काळजी म्हणून सोडून देतील, तुमचं ऐकतील.

आणि ओवीचं म्हणणं आहे की येत्या शनिवारी सकाळच्या शाळेत परिपाठाला तिला एकदा शेवटची पातळी वाचायची आहे. मी म्हटलं अगं एप्रिलमध्ये कुठली पातळी, तर म्हणते ‘कमी असली तरी असतेच की’. तुमची परवानगी असेल तर मी तिला साडेसातला घेऊन येते.

तुमची कृतज्ञ,
ओवीची आई
(इयत्ता चौथी)