रब्बी 2025-26 पीक विमा : पत्रकातला मजकूर घरच्या मराठीत

मंगळवेढा तालुका, सोमवार, 10 नोव्हेंबर 2025
(चावडीवर, दूध संकलन केंद्रावर लावण्यासाठी आणि बचत गटात वाचून दाखवण्यासाठी)

शेतकरी बंधू-भगिनींनो,

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत एक रुपयात भरला जाणारा विमा आता बंद झाला आहे. या रब्बीत आपला हिस्सा आपणच भरायचा आहे. ज्वारी, गहू, हरभरा, उन्हाळी भुईमूग यांना विमा रकमेच्या जास्तीत जास्त दीड टक्का आणि रब्बी कांद्याला जास्तीत जास्त 5 टक्के. समजा, हरभऱ्याची विमा रक्कम हेक्टरी 36,000 रुपये आहे, तर भरायचे 540 रुपये. एकराला साधारण 216. अर्ज भरून देण्याचे पैसे सेवा केंद्राला विमा कंपनी देते, तुम्ही वेगळे देऊ नका.

शेवटच्या तारखा
ज्वारी (बागायत, जिरायत) : 30 नोव्हेंबर
गहू, हरभरा, रब्बी कांदा : 15 डिसेंबर
उन्हाळी भुईमूग : 31 मार्च 2026

30 नोव्हेंबरला रविवार आहे. बँकेतून भरणाऱ्यांनी शुक्रवारी 28 तारखेलाच उरकावे. पीक कर्ज घेतलेल्यांचा हप्ता बँक परस्पर कापते. विमा नको असेल तर मुदतीच्या 7 दिवस आधी बँकेला लेखी कळवा. ज्वारीसाठी 22 तारखेला चौथा शनिवार आणि 23 ला रविवार येतो, म्हणजे 21 तारखेच्या आत.

सोबत शेतकरी ओळख क्रमांक (फार्मर आयडी), आधार, सातबारा, बँक पासबुक आणि पेरणीचे स्वयंघोषणापत्र न्या. शेत कसायला घेतले असेल तर नोंदणीकृत भाडेकरार लागेल, तोंडी बोली चालणार नाही. ई-पीक पाहणी जरूर करा. पाहणीत ज्वारी आणि अर्जात हरभरा असे निघाले तर अर्ज रद्द होतो. पोच पावती जपून ठेवा.

भरपाई कशी मिळते
मागच्या हंगामांची सवय म्हणून बरेच जण 72 तासांत तक्रार करायच्या तयारीत असतात. राज्याने तो भाग या वर्षी योजनेतून काढला आहे. आता एकट्याच्या शेताचा पंचनामा करून विमा मिळत नाही. महसूल मंडळात पीक कापणी प्रयोग होतात, त्यांची सरासरी धरली जाते. मागील 7 वर्षांतल्या चांगल्या 5 वर्षांच्या सरासरीचे 70 टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. ते हेक्टरी 8 क्विंटल असेल आणि मंडळात 6 क्विंटल आले, तर तूट चौथा हिस्सा. 36,000 वर 9,000 रुपये. मंडळ उंबरठ्याच्या वर राहिले तर तुमचे पीक गेले तरी विमा मिळणार नाही. हे कडू आहे, पण आधीच माहीत असलेले बरे.

भरपाईसाठी वेगळा अर्ज नाही. पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून खाते आधारला जोडले आहे का ते आत्ताच बँकेत विचारा. अवकाळी, गारपिटीने नुकसान झाले तर ग्राम महसूल अधिकाऱ्यांना लगेच कळवा. ती सरकारी मदत असते, तिचा विम्याशी संबंध नाही.

अर्ज : pmfby.gov.in, बँक किंवा सामूहिक सेवा केंद्र. शंका : 14447.

सहाय्यक कृषी अधिकारी