संविदा कायदा : ओपन-बुक परीक्षेसाठी एकपानी टिपण आणि सूची

भारतीय संविदा अधिनियम, १८७२. सायंकालीन विधी वर्ग, पुणे. सोबत न्यायचे : वर्गाचा छापील वाचनसंच (प्रकरणे ९, पृष्ठे २१८).

चौकटी कंसातील पहिला आकडा वाचनसंचातील प्रकरणाचा आणि दुसरा पृष्ठाचा आहे. म्हणजे [८:१७३] पाहून आठव्या प्रकरणातील पान १७३ उघडावे. "क." म्हणजे कलम. कलमांचा मजकूर संचात जसाच्या तसा छापलेला असल्यामुळे तो येथे उतरवलेला नाही. प्रश्नात कोणती खूण दिसली की कोणते पान उघडायचे आणि त्या पानावर फसगत कुठे होते, एवढेच येथे आहे. कलम आठवत नसेल तर सरळ तळाच्या सूचीकडे जावे.

उत्तराचा क्रम. करार झाला का, तो कायद्याने अंमलात आणण्याजोगा आहे का (क. १०), नंतर तो संपुष्टात आला का, आणि मोडला असल्यास काय मिळेल, याच क्रमाने प्रत्येक समस्या-प्रश्न सोडवावा. भरपाईचा प्रश्न दिसताच आठव्या प्रकरणाकडे धाव घेतल्यास पहिल्या दोन टप्प्यांचे गुण हातचे जातात.

१. प्रस्ताव आणि स्वीकृती (पृ. १–३४). लक्ष्मी रस्त्यावरील दुकानाच्या काचेत किमतीच्या चिठ्ठीसह मांडलेली पैठणी हा प्रस्ताव नसून प्रस्तावाचे निमंत्रण आहे. प्रस्ताव गिऱ्हाईक करते आणि तो नाकारण्यास दुकानदार मोकळा असतो [१:७]. जाहिरातीत ठरावीक कृती करणाऱ्यास ठरावीक रक्कम देण्याचे वचन असेल, तर मात्र कार्लिल वि. कार्बोलिक स्मोक बॉल (१८९३) आणि क. ८ लावावे, तेथे कृती हीच स्वीकृती होते [१:११]. कृती करणाऱ्याला प्रस्ताव माहीतच नसेल तर लालमन शुक्ला वि. गौरी दत्त (१९१३) : मालकाच्या हरवलेल्या पुतण्याला शोधून काढणाऱ्या मुनिमाला बक्षिसाची गोष्ट नंतर कळली, म्हणून त्याचा दावा फेटाळला गेला [१:१३]. हे दोन निवाडे एकाच प्रश्नात गुंफणे परीक्षकांच्या आवडीचे दिसते, तेव्हा "माहीत होते का" हा शब्दप्रयोग प्रश्नात आधी शोधावा.

टपालाने दिलेली स्वीकृती पत्र पेटीत पडताच प्रस्तावकावर बंधनकारक होते, पण स्वीकारणाऱ्यावर ती पत्र प्रस्तावकाच्या नजरेस आल्यावरच बंधनकारक होते (क. ४) [१:१९]. म्हणून प्रस्तावकाला पत्र टाकले जाण्याआधीच माघार घ्यावी लागते, तर स्वीकारणारा पत्र पोहोचेपर्यंत माघार घेऊ शकतो (क. ५) [१:२१]. दूरध्वनीवर हा नियम चालत नाही. भगवानदास गोवर्धनदास केडिया वि. गिरधारीलाल पुरुषोत्तमदास (१९६६) या निवाड्यात प्रस्ताव अहमदाबादहून गेला आणि खामगावहून स्वीकारला गेला, तरी स्वीकृती जेथे ऐकू आली तेथे, म्हणजे अहमदाबादेत, संविदा झाली असे बहुमताने ठरले, न्या. हिदायतुल्ला यांचे भिन्न मतही दोन ओळींत लिहावे [१:२४]. संगणकीय संविदेसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे क. १०-अ [१:२८], आणि घरगुती आश्वासनासाठी बाल्फोर वि. बाल्फोर (१९१९) [१:३१].

२. प्रतिफल (पृ. ३५–५६). क. २ मधील व्याख्येचे दोन शब्द तपासावेत [२:३६]. "वचन देणाऱ्याच्या इच्छेने" हा पहिला, जिल्हाधिकाऱ्याच्या सांगण्यावरून बांधलेल्या बाजाराबद्दल दुकानदारांकडून दलाली मिळाली नाही, ते याचमुळे (दुर्गाप्रसाद वि. बलदेव, १८८०) [२:४१]. "किंवा अन्य कोणी" हा दुसरा, प्रतिफल तिऱ्हाइताने दिलेले चालते (चिन्नया वि. रामय्या, १८८२) [२:३९]. तिऱ्हाइताने प्रतिफल देणे आणि तिऱ्हाइताने दावा लावणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी प्रिव्हिटीचे पान उघडावे [२:५३]. गणेशोत्सवाची कबूल केलेली वर्गणी एरवी वसूल होत नाही, परंतु त्या भरवशावर मंडळाने खर्चाची जबाबदारी अंगावर घेतली असेल तर केदारनाथ वि. गोरी महंमद (१८८६) मंडळाच्या बाजूने आहे [२:४४]. क. २५ चे तीन अपवाद [२:४८]. त्यांपैकी मुदतबाह्य कर्जाचे वचन लेखी आणि सहीनिशी असावे लागते, तोंडी कबुली उपयोगाची नाही [२:५०].

३. सक्षमता (पृ. ५७–७२). अल्पवयीनाचा करार मुळातच शून्य असतो (मोहरी बीबी वि. धर्मदास घोष, प्रिव्ही कौन्सिल, १९०३) [३:५९]. त्याने घेतलेली रक्कम क. ६५ खाली परत मागता येत नाही, कारण ते कलम सक्षम पक्षांना गृहीत धरते [३:६४]. जीवनावश्यक वस्तूंची किंमत क. ६८ नुसार त्याच्या मालमत्तेतून मिळते, त्याच्याकडून व्यक्तिशः नाही [३:६७].

४. मुक्त संमती (पृ. ७३–१०२). जबरदस्ती [४:७६], गैरवाजवी प्रभाव [४:८०], कपट [४:८८]. तिन्हींत संविदा शून्यनीय होते, शून्य नव्हे. गप्प राहणे हे एरवी कपट नसते. बोलणे कर्तव्य असेल किंवा मौन हेच बोलण्यासारखे असेल तेव्हाच ते कपट ठरते. साधी काळजी घेतली असती तर सत्य कळले असते, हा बचाव मिथ्या निवेदनाला आणि मौनाने केलेल्या कपटाला लागू होतो, उघड खोटे बोलण्याला नाही [४:९३]. दोघांचीही वस्तुस्थितीबाबत चूक असेल तर करार शून्य (क. २०), एकाचीच असेल तर केवळ त्या कारणाने शून्यनीयही नाही (क. २२) [४:९७].

५. शून्य करार (पृ. १०३–१२८). उद्देशाची वैधता क. २३ [५:१०५]. व्यवसायास प्रतिबंध करणारा करार क. २७ खाली शून्य असून कलमातील अपवाद फक्त नावलौकिकासह धंदा विकण्याचा आहे [५:१११]. हिंजवडीतील कंपनीने नोकरीच्या काळात दुसरीकडे काम न करण्याची अट घातली तर ती गोलिकरी वि. सेंच्युरी स्पिनिंग (१९६७) मुळे टिकू शकते. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे स्पर्धकाकडे न जाण्याची अट क. २७ मध्ये अडकते [५:११४]. पैजेचा करार शून्य, पण बेकायदा नव्हे (घेरूलाल पारख, १९५९) [५:१२१]. मात्र आपल्याकडे एवढ्यावर थांबू नये : जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ चा पैजांबाबतचा स्वतंत्र अधिनियम लागू असल्याने पैजेला पूरक करारही शून्य ठरतात, आणि पुणे त्या इलाख्यात होते [५:१२४]. दाव्याची मुदत कमी करणाऱ्या अटीसाठी क. २८, १९९७ च्या दुरुस्तीसह [५:१२६].

६. पूर्तता आणि अशक्यता (पृ. १२९–१५६). आगाऊ भंग क. ३९ [६:१३३], वेळ हे संविदेचे मर्म आहे का, यासाठी क. ५५ [६:१३७]. क. ५६ चा प्रश्न जवळजवळ ठरलेलाच असतो [६:१४३]. सत्यव्रत घोष वि. मगनीराम बांगुर (१९५४) नुसार "अशक्य" म्हणजे केवळ शब्दशः अशक्य नव्हे, तर पक्षांनी ज्या पायावर व्यवहार उभारला तो पायाच ढासळणे. तरीही त्या खटल्यात युद्धकाळात जमीन ताब्यात घेतली गेल्याने संविदा संपली नाही [६:१४५]. भाव वाढल्याने व्यवहार महाग पडणे म्हणजे अशक्यता नव्हे, आणि संविदेतच आपत्तीचे कलम असेल तर आधी क. ३२ पाहावे (एनर्जी वॉचडॉग, २०१७) [६:१४९]. नदीपात्रातील मैदान प्रदर्शनासाठी ठरवले आणि खडकवासल्याच्या विसर्गाने ते पाण्याखाली गेले, असा प्रश्न आल्यास तारीख पाहावी : डिसेंबर असेल तर क. ५६ सहज बसते. ऑगस्ट असेल तर क. ५६ च्या तिसऱ्या परिच्छेदाकडे वळावे, कारण ही शक्यता वचन देणाऱ्याला वाजवी तत्परतेने कळू शकत होती आणि तो भरपाईस बांधील राहू शकतो. आगाऊ रकमेची परतफेड क. ६५ खाली मागावी. आधीच ताबा दिलेल्या भाडेपट्ट्याला क. ५६ लागत नाही (राजा ध्रुवदेव चंद, १९६८) [६:१५२].

७. संविदासदृश संबंध (पृ. १५७–१६८). क. ७० साठी तीन अटी : कृती कायदेशीर असावी, फुकट करण्याचा हेतू नसावा, आणि समोरच्याने लाभ घेतलेला असावा (पश्चिम बंगाल राज्य वि. बी. के. मंडल, १९६२) [७:१६१]. चुकून दिलेले पैसे क. ७२ [७:१६५].

८. भंग आणि भरपाई (पृ. १६९–१९६). क. ७३ [८:१७१] नेहमी आकड्यांत सोडवावे. मार्केट यार्डातील व्यापाऱ्याने १०० क्विंटल कांदा २,००० रुपये भावाने ठरवला. माल आला नाही आणि भंगाच्या दिवशी भाव २,६०० होता, तर भरपाई ६०,००० रुपये. तोच माल त्याने पुढे ३,००० ने विकण्याचा सौदा केला असेल, तर वरचे ४०,००० संविदेच्या वेळी विक्रेत्याला तो सौदा ठाऊक असेल तरच मिळतील, हॅडली वि. बॅक्सेंडेल (१८५४) चा दुसरा भाग तो हाच [८:१७३]. दुसरीकडून माल घेता येत असूनही तो दहा दिवस थांबला आणि भाव ३,२०० झाला, तर वाढीव फरक त्याच्याच गळ्यात पडतो (क. ७३ चे स्पष्टीकरण, मुरलीधर चिरंजीलाल, १९६२) [८:१७८].

आधी ठरवलेली रक्कम किंवा जप्त अनामत दिसली की क. ७४. दंड आणि वाजवी अंदाज हा इंग्लंडमधील भेद येथे निर्णायक नाही; न्यायालय ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देते. फत्तेहचंद वि. बालकिशनदास (१९६३) मध्ये १,००० रुपयांचा इसार जप्त राहिला, पण किमतीपोटी दिलेले २४,००० जप्त करू दिले नाहीत [८:१८२]. कैलाशनाथ वि. दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) नुसार नुकसानच झाले नसेल तर भरपाईही नाही. म्हणून कर्वे रस्त्यावरील कार्यालयाने रद्द झालेली तारीख त्याच दराने दुसऱ्या लग्नाला दिली असेल, तर अनामत संपूर्ण अडकवून ठेवण्याचा त्याचा दावा लंगडा पडतो [८:१८६]. विशिष्ट पूर्ततेसाठी २०१८ ची दुरुस्ती पाहावी. जुन्या उत्तरांतील "न्यायालयाच्या मर्जीवर" हे वाक्य आता लिहू नये [८:१९२].

९. क्षतिपूर्ती आणि हमी (पृ. १९७–२१८). प्रत्यक्ष पैसे भरण्यापूर्वीही क्षतिपूर्ती मागता येते (गजानन मोरेश्वर, मुंबई उच्च न्यायालय, १९४२) [९:२०१]. जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, आणि धनकोने आधी ऋणकोवर जावे असा आग्रह त्याला धरता येत नाही (क. १२८, बँक ऑफ बिहार, १९६९) [९:२०६]. त्याची सुटका क. १३३ ते १३५ [९:२०९]. त्याचे हक्क क. १४० व १४१ [९:२१४].

सूची. अनामत जप्ती ८:१८२, १८६ · अल्पवयीन ३:५९ · अशक्यता ६:१४३ · आगाऊ भंग ६:१३३ · आपत्तीचे कलम ६:१४९ · इसार ८:१८२ · उद्देशाची वैधता ५:१०५ · कपट ४:८८ · क्षतिपूर्ती ९:२०१ · गैरवाजवी प्रभाव ४:८० · घरगुती आश्वासन १:३१ · चुकून दिलेले पैसे ७:१६५ · चूक ४:९७ · जबरदस्ती ४:७६ · जामीनदार ९:२०६, सुटका ९:२०९, हक्क ९:२१४ · जाहिरात व बक्षीस १:११, १३ · जीवनावश्यक वस्तू ३:६७ · टपाल १:१९ · तिऱ्हाईत : प्रतिफल २:३९, दावा २:५३ · दूरध्वनी १:२४ · नुकसान कमी राखणे ८:१७८ · नोकरीतील अट ५:११४ · परतफेड, क. ६५ ३:६४ · पैज ५:१२१, १२४ · प्रतिफल २:३६. अपवाद २:४८ · भाडेपट्टा ६:१५२ · माघार १:२१ · मुदतबाह्य कर्ज २:५० · मौन, *पाहा* कपट · लाभ, क. ७० ७:१६१ · वर्गणी २:४४ · विशिष्ट पूर्तता ८:१९२ · वेळेचे महत्त्व ६:१३७ · व्यवसाय-प्रतिबंध ५:१११ · संगणकीय संविदा १:२८ · हमी, *पाहा* जामीनदार