सुदामानगर, इंदूर येथील छोट्या दवाखान्याची योजना : पहिली दोन वर्षं

ही योजना दोन भागीदार डॉक्टर, आमचे सीए आणि कर्ज देणारी बँक यांच्यासाठी आहे. एक भागीदार एमडी मेडिसिन, दुसरी एमबीबीएस. फक्त बाह्यरुग्ण पाहायचे, खाट एकही नाही. जागा अन्नपूर्णा रोडपासून आत, तळमजल्यावर, ४८० चौरस फूट, भाडं २२,००० रुपये. या भागात मराठी आणि हिंदी बोलणारी जुनी नोकरदार कुटुंबं बरीच आहेत. घरात साठीच्या पुढची माणसं, मुलं पुण्या-बंगळुरूला. त्यामुळे तापा-खोकल्याइतकेच रक्तदाब, साखर आणि थायरॉइडचे रुग्ण धरले आहेत. दवाखाना टिकणार की नाही हे या दुसऱ्या गटावर ठरेल. म्हणून खाली यंत्रांपेक्षा पुन्हा येणाऱ्या रुग्णाच्या सोयीवर जास्त खर्च दिसेल.

रुग्णसंख्या

वेळ सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ६ ते ९, रविवारी बंद. महिन्याचे कामाचे दिवस २६. सकाळी एमबीबीएस डॉक्टर, संध्याकाळी एमडी. नव्या रुग्णाला १० मिनिटं, फेरतपासणीला ६. तीन तासांतून फोन, कागद, हात धुणं यांची २० मिनिटं वजा केली की १६० मिनिटं उरतात. दहातले चार नवे आणि सहा जुने धरले तर सरासरी ७.६ मिनिटं, म्हणजे एका सत्रात २१ रुग्ण. दिवसाला ४२ ही वरची मर्यादा. त्यापुढे गेलं की तपासणी उरकली जाते आणि पहिला फटका साखरेच्या रुग्णाच्या पायांना बसतो, कारण मोजे काढायला लावणं डॉक्टर टाळू लागतात.

पहिले तीन महिने रोज १०, पुढचे तीन १५, सातव्या महिन्यापासून २४ आणि दुसऱ्या वर्षी ३२ रुग्ण, असा अंदाज धरला आहे. जुलै ते ऑक्टोबर तापाचे दिवस, नोव्हेंबर ते जानेवारी खोकला-दमा, एप्रिल-मे सगळ्यांत मंद. मार्चमध्ये दवाखाना उघडला तर पहिले तीन महिने अंदाजाच्याही खाली जातील, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात उघडायचा.

सत्रातल्या १० वेळा फोनवर आधी द्यायच्या, बाकी थेट येणाऱ्यांना टोकन. सगळ्या वेळा आधी देऊन टाकल्या तर तापाने फणफणलेल्या माणसाला दारातून परत पाठवावं लागतं आणि ते घर पुन्हा येत नाही. उलट आधी वेळ दिलीच नाही तर सत्तरीचे आजोबा दीड तास खुर्चीत बसतात. टोकन बोर्डाशेजारी ‘छातीत दुखणं, दम लागणं, बोलताना जीभ अडखळणं : लगेच सांगा’ अशी मोठी पाटी मराठीत आणि हिंदीत असेल. अशा रुग्णाला टोकन लागू नाही.

उपकरणं

१२ चॅनलचं बॅटरीवालं ईसीजी यंत्र, ५५,००० रुपये. तीन चॅनलचं जवळपास निम्म्या किमतीत येतं, पण बारा लीड एकाच ठोक्याचे दिसत नाहीत आणि वेळ दुप्पट जातो. ईसीजीत चूक यंत्रापेक्षा जोडणीत जास्त होते. उजव्या आणि डाव्या हाताच्या तारांची अदलाबदल झाली की लीड १ पूर्ण उलटं येतं आणि एव्हीआर सरळ. हे न ओळखता कागद पुढे गेला तर रुग्ण विनाकारण मोठ्या रुग्णालयात पोहोचतो. म्हणून लाल तार उजव्या हाताला, पिवळी डाव्या, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या, हे चित्र यंत्रावरच चिकटवायचं. रेघ जाड आणि थरथरती आली तर आधी अर्थिंग आणि शेजारचा इन्व्हर्टर तपासायचा.

रक्तदाबासाठी एक अ‍ॅनेरॉइड आणि एक प्रमाणित डिजिटल, तीन मापांच्या कफसह ९,००० रुपये. जाड दंडाला मधला कफ बांधला तर दाब खोटाच जास्त दिसतो आणि गोळी वाढवली जाते. तिसरा, मोठा कफ त्यासाठी.

निर्जंतुकीकरणाला २० लिटरचा ऑटोक्लेव्ह, २८,००० रुपये. गुंडाळलेल्या अवजारांसाठी १२१ अंश, १५ पौंड दाब, ३० मिनिटं. पाकिटं ओली निघाली तर ती निर्जंतुक धरायची नाहीत, बहुतेक वेळा भांडं ठासून भरलेलं असतं. बोअरिंगचं पाणी त्यात अजिबात घालायचं नाही, क्षाराचा थर बसून कॉइल जळते. नर्मदेचं पाणीसुद्धा नको, डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आणायचे.

बाकी यादी : पलंग आणि पायरी १२,०००, दोन पल्स ऑक्सिमीटर ४,०००, नेब्युलायझर ४,०००, लस आणि इन्सुलिनसाठी वेगळा फ्रीज थर्मामीटरसह १९,२००, रेग्युलेटरसह बी टाइप ऑक्सिजन सिलिंडर १२,०००, ग्लुकोमीटर १,५००, वजनकाटा आणि उंचीमापक ४,०००, कान-डोळे तपासायचा संच ९,०००, १० ग्रॅमचं मोनोफिलामेंट आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क १,५००, इन्व्हर्टर २४,०००, संगणक आणि प्रिंटर ५२,०००, कचऱ्याचे डबे आणि हब कटर ६,५००, दोन अग्निशामक ५,०००. आपत्कालीन ट्रे ८,००० रुपयांचा. एकूण सुमारे २,५५,०००.

फ्रीज २ ते ८ अंशांत राहिला पाहिजे, दिवसातून दोनदा नोंद. दारातल्या कप्प्यात लस ठेवायची नाही आणि कुणाचाही डबा आत जाणार नाही. ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनलिन, हायड्रोकॉर्टिझोन, अ‍ॅव्हिल, अ‍ॅट्रोपिन, अ‍ॅस्पिरिन, २५ टक्के डेक्स्ट्रोज, अँबू बॅग आणि एअरवे. अ‍ॅड्रेनलिनची मात्रा ट्रेच्या झाकणावर लिहिलेली हवी : प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. इंजेक्शननंतर रिअ‍ॅक्शन आली की पुस्तक उघडायला वेळ नसतो. सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो, मिनिटाला ५ लिटरने पाच तास. १०८ची गाडी येईपर्यंत हे पुष्कळ आहे, मात्र काटा दर सोमवारी पाहायचा आणि चावी सिलिंडरलाच बांधून ठेवायची.

सोनोग्राफी आणि एक्स-रे ठेवायचे नाहीत. सोनोग्राफीला १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली स्वतंत्र नोंदणी आणि प्रत्येक गर्भवतीचा फॉर्म लागतो, एक्स-रेला एईआरबीचा परवाना. शिवाय यंत्राचा हप्ता चालू झाला की ते यंत्र रुग्ण मागू लागतं, आणि गरज नसलेल्या तपासण्या तिथूनच लिहिल्या जातात.

माणसं

सकाळ-संध्याकाळ दोन तुकड्यांत एकाच माणसाला बोलावलं की दुपारचे पाच तास त्याचे वाया जातात आणि काही महिन्यांत तो काम सोडतो. म्हणून दोन जीएनएम नर्स, एक सकाळी आणि एक संध्याकाळी, प्रत्येकी १०,०००. स्वागतकक्षातही दोघं, प्रत्येकी ७,५००. खर्च जवळपास तेवढाच, पण एकीच्या रजेला दुसरी येते. सफाईच्या मावशींना ७,०००, दोन्ही सत्रांआधी एक-एक तास. नर्सची राज्य परिषदेची नोंदणी मूळ कागद पाहूनच नेमणूक. सुई-कचऱ्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बीचे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) आणि धनुर्वाताची लस दवाखान्याच्या खर्चाने.

कायदा आणि परवाने

सगळ्यांत आधी वैद्यकीय परिषद. एमबीबीएस भागीदाराची नोंदणी महाराष्ट्रात आहे. ती मध्य प्रदेश परिषदेत झाल्याशिवाय इथे प्रॅक्टिस सुरू करायची नाही. जुन्या परिषदेचं ना-हरकत पत्र यायला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून जागेचा करार करण्याआधीच अर्ज टाकायचा. एमडीची पदवीही परिषदेत वेगळी नोंदवलेली असेल तरच बोर्डावर लिहायची.

त्यानंतर मध्य प्रदेश उपचर्यागृह तथा रुजोपचार संबंधी स्थापनाएं अधिनियम, १९७३ खाली सीएमएचओकडे दवाखान्याची नोंदणी आणि परवाना. अर्जासोबत भाडेकरार, नकाशा, डॉक्टर आणि नर्स यांची नोंदणी, कचऱ्याचा करार. कागदांवरचा पत्ता एका अक्षराने वेगळा असला तरी अर्ज अडकतो. भाडेकरार, वीजबिल आणि कचरा करारात घर क्रमांक सारखाच लिहून घ्यायचा. वीज जोडणी घरगुती नको, बिगरघरगुती करून घ्यायची.

जैववैद्यकीय कचऱ्याला २०१६ चे नियम. प्रदूषण नियंत्रण मंडळाची मंजुरी आणि सामायिक प्रक्रिया केंद्राशी करार. पिवळ्या पिशवीत रक्त-पू लागलेला कापूस आणि मुदत संपलेली औषधं, लाल पिशवीत हातमोजे, नळ्या, सुई काढलेली सिरिंज, पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात सुया, निळ्यात काच. बारकोड प्रत्येक पिशवीवर. रक्त-पू लागलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, त्यामुळे करारात गाडी निदान एक दिवसाआड येईल असं लिहून घ्यायचं. गाडी चुकली तर त्याच दिवशी लेखी कळवायचं. वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत. महापालिकेच्या कचरागाडीत सलाइनची एक नळी गेली तरी जबाबदारी आपली.

औषधविक्री नाही. शेजारच्या लॅबशी किंवा मेडिकलशी टक्क्यांचा व्यवहार नाही. २००२ च्या आचारसंहितेत तो निषिद्ध आहे आणि आमचाही ठाम विरोध आहे. चिठ्ठीवर आणि पावतीवर नोंदणी क्रमांक, औषधाचं जेनेरिक नाव ठळक अक्षरांत. रुग्णाने कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे. क्षयरोगाचा प्रत्येक रुग्ण निक्षयवर नोंदवायचा. तपासणी फीवर जीएसटी नाही.

फी

पहिली तपासणी ३०० रुपये. ३० दिवसांच्या आत फेरतपासणी २००. सवलतीचा दर १५०, तो डॉक्टर ठरवतील, काउंटर नाही. ईसीजी २५०, साखर ५०, नेब्युलायझेशन आणि इंजेक्शन-ड्रेसिंग सरासरी १००, तीन किलोमीटरच्या आत घरी भेट ७००. दरपत्रक भिंतीवर लावायचं.

त्याच आजारासाठी पाच दिवसांत एकदा परत आलं तर फी नाही. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो, आणि ताप गेला म्हणून माणूस घरी थांबतो. त्यात २०० रुपयांची अडचण घातली तर तो येणारच नाही. ही सूट खर्चाच्या हिशेबात धरलेली आहे, ती पुढे काढायची नाही.

रोज २४ रुग्णांचा हिशेब : ९ नवे २,७००, १० फेरतपासण्या २,०००, ३ मोफत, २ सवलतीत ३००, मिळून ५,०००. वर दोन ईसीजी, पाच साखर चाचण्या आणि चार छोट्या प्रक्रिया मिळून १,१५०. दिवसाला ६,१५०, महिन्याला १,५९,९००. रुग्णामागे सरासरी २५६.

महिन्याचा खर्च : भाडं २२,०००, पगार ४२,०००, वीज ५,०००, कापूस-सिरिंज वगैरे ९,०००, कचरा १,३००, फोन-इंटरनेट-सॉफ्टवेअर २,२००, सीए २,०००, व्यावसायिक विमा १,५००, दुरुस्ती २,०००, कर्जाचा हप्ता १०,९००, किरकोळ २,६००. एकूण १,००,५००. रोज १६ रुग्ण झाले की खर्च निघतो. यात डॉक्टरांचं मानधन नाही. ते सातव्या महिन्यापासून, तेही उरलेल्या साधारण ५९,००० मधून.

भांडवल : फर्निचर, नळ आणि वायरिंग ३,२०,०००, तीन महिन्यांची अनामत ६६,०००, उपकरणं २,५५,०००, दोन एसी ८०,०००, परवाने आणि बोर्ड ३०,०००, राखीव २,५०,०००. एकूण १०,०१,०००. त्यातले ५,००,००० बँकेचे, पाच वर्षांसाठी, ११ टक्के धरून. पहिल्या तीन महिन्यांत दरमहा ३४,००० च्या आसपास तूट येईल, राखीव रक्कम मुख्यतः तिच्यासाठी. तिला हात लावून नवं यंत्र घ्यायचं नाही.

दर महिन्याच्या ५ तारखेला तीन आकडे पाहायचे : रोजचे रुग्ण, संध्याकाळचा सरासरी ताटकळण्याचा वेळ, आणि रक्तदाब-साखरेच्या रुग्णांपैकी ठरल्या महिन्यात परत आलेले किती. ताटकळणं ४० मिनिटांच्या वर सलग दोन महिने गेलं तर फी वाढवण्याआधी संध्याकाळी दुसरी डॉक्टर बसेल. नवव्या महिन्याअखेर रोजचे रुग्ण १२ च्या खाली राहिले तर सकाळचं सत्र आठवड्याला तीन दिवसांवर आणून त्या सत्राच्या नर्सचा आणि स्वागतकक्षाचा पगार त्याच प्रमाणात कमी होईल. हे दोघींना नेमणुकीच्या पत्रातच लिहून द्यायचं.