फडाचे पाणी: स्नेहसंमेलनातील समूहनृत्यासाठी संकल्पना-टिपण

सांस्कृतिक समिती आणि निवड झालेले सोळा नर्तक यांच्यासाठी हे टिपण आहे. यंदाचे समूहनृत्य गाण्यांच्या मेडलेवर न बसवता एका कथेवर बसवायचे, असे समितीच्या बैठकीत ठरले. मेडलेमध्ये गाणे बदलले की नर्तकाची भूमिकाही बदलते आणि प्रेक्षक पुढचे गाणे ओळखण्यात रमतो. कथेत मात्र पहिल्या मिनिटाला जो माणूस रंगमंचावर येतो, त्याचे पुढे काय झाले हे पाहण्यासाठी प्रेक्षक थांबतो. त्यामुळे आधी कथा, मग हालचाल आणि सर्वांत शेवटी ध्वनी, या क्रमाने विचार करून पुढील संकल्पना मांडल्या आहेत. पहिल्या संकल्पनेची मी शिफारस करतो. उरलेल्या दोन चर्चेसाठी आहेत.

पहिली संकल्पना पांझरेकाठच्या फड पद्धतीवर आधारलेली आहे. नदीवर बांध घालून पाणी पाटात वळवायचे, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि ज्या वर्षी पाणी कमी त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा, ही रचना साक्री-धुळे परिसरात शेकडो वर्षे शेतकऱ्यांनी स्वतः चालवली. मूळ रचनेत प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे, एक फड कोरडा राहिला तरी तोटा एकाच्या माथी बसत नसे. पाणी देणारा पाटकरी, देखरेख करणारा हवालदार आणि पिकाची राखण करणारा जागल्या ही माणसे गावानेच नेमलेली असत. नृत्याला लागणारे सगळे यात तयार आहे: अडवणे, वळवणे, वाटणे, थांबणे आणि चोरणे. या सगळ्या मुळातच शरीराच्या क्रिया आहेत, त्या समजावण्यासाठी शब्दांची गरज पडत नाही.

कथा अशी. पाऊस कमी झाल्यामुळे गाव तिसरा फड पडीक ठेवण्याचे ठरवते. तरुण पाटकऱ्याचा थोरला भाऊ मात्र निर्णय होण्याआधीच त्या फडात मिरचीची रोपे लावून बसलेला असतो. तो लबाड नाही, फक्त उतावळा आहे, आणि हे प्रेक्षकाला पहिल्या दोन मिनिटांत पटले पाहिजे. नाहीतर पुढचा संघर्ष पोकळ वाटेल. रात्री तो पाट फोडून पाणी तिसऱ्या फडाकडे वळवतो. पाळीवर असलेल्या पाटकऱ्याला खालच्या फडात पाणी पोहोचत नसल्याचे जाणवते, तो पाटाच्या कडेने उलट चालत येतो आणि फुटलेल्या जागी त्याला भाऊ सापडतो.

सोळा जणांची वाटणी याप्रमाणे राहील: पाटकरी, भाऊ, हवालदार, जागल्या, सहा जण पाट आणि सहा जण आधी बांध व नंतर दोन-दोनच्या जोडीने तीन फड. ज्यांनी पाणी अडवले तेच पुढे पाणी पितात, हे वेगळे सांगावे लागू नये म्हणून बांधाचे सहा जण कोपरात कोपर अडकवून, प्रेक्षकांकडे पाठ करून, मागच्या डाव्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तिरकी रांग धरतील आणि बैठकीच्या प्रसंगात तेच विरघळून फड होतील. मुलगे आणि मुली यांत भूमिकांची विभागणी केलेली नाही. पाटकरी मुलगी असली तरी कथेला बाध येत नाही.

पाणी दाखवण्यासाठी निळे कापड वापरायचे नाही. गेली कित्येक वर्षे प्रत्येक संमेलनात ते कापड लाटांसारखे हलते आहे आणि आता त्यात पाणी कोणालाच दिसत नाही. आपल्याकडे पाणी शरीरातूनच जाईल: पाटातील पहिल्या नर्तकाचा गुडघा वाकेल, तेथून कंबर, खांदा आणि मनगट असा हेलकावा आठ काउंटमध्ये पूर्ण होईल, आणि त्याचे मनगट शेजाऱ्याच्या हाताला टेकताच शेजाऱ्याचा गुडघा सुटेल. हेलकावा एकाच वेळी दोघांत दिसता कामा नये. पाट फुटतो तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या नर्तकाच्या हातांत वीतभर अंतर पडते. पहिले तिघे हेलकावा भावाकडे वळवतात आणि पुढचे तिघे जागच्या जागी, हात पुढे केलेल्या स्थितीत, थिजून राहतात. ते तीन रिकामे हात हा या नृत्याचा कणा आहे आणि तालमीचा सर्वाधिक वेळ तेथेच जाईल.

दोघे भाऊ समोरासमोर आल्यावर मारामारी नको. पाटकरी भावाच्या हातातील फावडे घेत नाही. तो फुटलेल्या जागी आडवा बसतो आणि स्वतःच्या पाठीने पाणी अडवतो. पहिल्या तिघांचा हेलकावा त्याच्या पाठीवर तीन वेळा आदळतो, प्रत्येक वेळी तो थोडा सरकतो. चौथ्या वेळी भाऊ चिखल ओढू लागतो. जागल्याने हे सर्व पाहिलेले आहे आणि सकाळी गावाला सांगायचे की नाही हे त्याच्या एका वळण्यावर ठरते. माझ्या मते त्याने सांगावे आणि गावाने भावाला बाहेर न काढता पाटाच्या रांगेत सातवा म्हणून उभे करावे. माफी दाखवणारी गळाभेट मात्र टाळावी.

ध्वनीसाठी एक ढोल, एक पावरी आणि नर्तकांचे पाय पुरेसे आहेत. अहिराणीतील हाकच तेवढी शब्दांत राहील: शेवटच्या फडातून 'पानी उनं का?' आणि पाटाकडून 'नही उनं.' ही हाक तीन वेळा येते. तिसऱ्या वेळी उत्तर येत नाही, तेव्हा ढोलही बंद राहील. वेशभूषा मातकट कुर्ते आणि कमरेला उपरणे एवढीच असावी. खरे फावडे एकच, भावाच्या हातात. एकूण वेळ नऊ मिनिटे.

दुसरी संकल्पना आखाजीची. माहेरी आलेल्या लेकी, कडुनिंबाला बांधलेले झोके आणि यंदा न आलेल्या एका मैत्रिणीचा रिकामा झोका. दोन नर्तकांच्या जोडलेल्या हातांचा झोका करून हे सुंदर बसवता येईल. अडचण अशी की आखाजीची गाणी इतकी जिवंत आहेत की ती आली की कथा मागे पडते, आणि ती वगळली तर आखाजी वाटत नाही. पुढच्या वर्षी गायनाचा गट बरोबर घेऊन हा विषय जरूर करावा.

तिसरी सूचना 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारला झालेल्या गोळीबाराची आणि शिरीषकुमारच्या बलिदानाची आली होती. विषयाचे मोल निर्विवाद आहे, परंतु नऊ मिनिटांत तो शेवटच्या झेंड्याच्या दृश्यापुरता उरतो, आणि कोवळ्या पोराचा मृत्यू टाळ्यांसाठी वापरल्यासारखे होते. त्याला स्वतंत्र नाटिका हवी.

समितीने पहिली संकल्पना मान्य केल्यास पहिल्या आठवड्यात संगीताशिवाय फक्त पाटाचा हेलकावा बसवला जाईल. मंडपवाल्यांना आताच सांगावे की व्यासपीठ किमान तीस फूट रुंद हवे, प्लायवर गालिचा अंथरू नये, कारण त्याखाली पायांचा आवाज मरतो, आणि प्लायच्या सांध्यांवरचे खिळे ठोकून सपाट करून घ्यावेत. सर्वजण अनवाणी नाचणार आहेत.